नाव बदललंत, बाकी सगळं तसंच ठेवलंत: ऊसतोड बायकांच्या मुलाखती घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ऊसतोड कामगार बायकांच्या मुलाखती घेणाऱ्या संस्था, त्या अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्या आणि त्या मुलाखती छापणारे, दाखवणारे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात बायकांच्या आरोग्याचं काम करते. गेली चौदा वर्षं करते आहे. तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात, कारण तुमची माणसं आमच्या गावात आली की आधी माझ्या दारात येतात. कुणाकडे न्यायचं, कोण बोलेल, कुणाची गर्भपिशवी काढली आहे, हे मला विचारतात. मी त्यांना घरोघरी नेते, शेजारी बसते, प्रश्न आमच्या बोलीत समजावून सांगते. खाली मी माझं नाव लिहिलेलं नाही. माझं नाव लिहिलं की गाव कळतं आणि गाव कळलं की ती बाई कळते. हे पत्र नेमकं याच गोष्टीबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेचं पथक गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल मुलाखती घ्यायला आलं. संस्थेचं नाव मी घेणार नाही, कारण मी जे सांगणार आहे ते कमीअधिक फरकाने सगळ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यांनी अकरा बायकांच्या मुलाखती घेतल्या. काही महिन्यांनी अहवाल आला, त्यातला एक परिच्छेद एका वृत्तवाहिनीने उचलला आणि पडद्यावर ‘नाव बदलले आहे’ अशा ओळीसकट दाखवला. त्याच संध्याकाळी आमच्या पारावर चर्चा सुरू झाली. ती कोण, हे ओळखायला गावाला एक तासही लागला नाही. पुढच्या हंगामात मुकादमाने तिच्या नवऱ्याला उचल द्यायला नकार दिला. घरात काय झालं ते मी लिहिणार नाही. ती चार महिने माहेरी होती, एवढंच सांगते.

मी त्या संस्थेला पत्र पाठवलं. उत्तर आलं, दोन ओळींचं: संमतीपत्रावर अंगठा आहे, अहवालात नाव बदललेलं आहे, त्यामुळे प्रक्रियेत त्रुटी आढळत नाही.

हे उत्तर वाचून मी गप्प बसू शकले नाही. कारण तो अंगठा उठला तेव्हा मी तिथेच होते.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडून टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम आधी उचल देतो आणि ती हंगामभर फेडायची असते. बाई आजारी पडून कामावर गेली नाही तर खाडा धरून दंड कापतात. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, पोटात दुखणं हे सगळं घेऊन ती फडात उभी असते, आणि मग कुणीतरी डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाक, कटकट जाईल. २०१९ साली सरकारी पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढल्याचं समोर आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांची रीघ आहे. प्रश्न खरा होता, तो बाहेर यायलाच हवा होता. माझी तक्रार तुमच्या येण्याबद्दल नाही.

माझी पहिली तक्रार संमतीबद्दल आहे.

त्या दिवशी काय झालं ते जसंच्या तसं सांगते. दुपारची वेळ. ओसरीवर ती, तिची सासू, दोन मुलं, मी आणि मुलाखत घेणारी मुलगी. शेजारची एक बाई जात्याजवळ बसून शेंगा निवडत होती, ती मुकादमाच्या नात्यातली. संमतीपत्र तीन पानांचं. ‘सदर संशोधनात मी स्वेच्छेने सहभागी होत असून माझ्या माहितीची गोपनीयता राखली जाईल याची मला जाणीव आहे’, अशी भाषा. मुलीने ते वाचून दाखवलं, चार-पाच मिनिटांत. ती ऐकत होती आणि मध्येच मुलाच्या तोंडातला खडा काढत होती. ‘गोपनीयता’ शब्द आला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “म्हणजे तुझं नाव कुठं येणार नाही.” मग शाईची डबी पुढे आली. अंगठा उठवून तिने तो ओसरीच्या खांबाला पुसला आणि मला हळूच विचारलं, “ताई, याच्यावर घरकुल येतं का गं?”

तो प्रश्न मी आणि त्या मुलीने, दोघींनीही ऐकला. दोघी हसलो, म्हणालो, “नाही गं, हे नुसती माहिती घ्यायला आल्यात.” आणि मुलाखत सुरू झाली.

आज मला वाटतं, त्या प्रश्नाशीच सगळं थांबायला हवं होतं. तिने ज्यावर अंगठा दिला ते तिला समजलेलं नव्हतं, हे तिनेच आम्हाला सांगितलं होतं. कागद हातात घेऊन बसलेली शहरातली बाई आली की आमच्याकडे ती सरकारची असते. सरकार आलं की यादी होते, यादीत नाव असलं तर काहीतरी मिळतं आणि नाही म्हटलं तर नाव कापलं जातं, हा आमच्या बायकांचा आयुष्यभराचा अनुभव आहे. त्या अनुभवातून दिलेला होकार हा रेशनच्या रांगेत उभं राहण्यासारखा असतो. ‘आम्ही सरकारचे नाही’ हे एकदा सांगून हा समज जात नाही. चारदा सांगावं लागतं आणि शेवटी विचारावं लागतं.

विचारायचं म्हणजे काय, ते सांगते. ‘समजलं का?’ असं विचारलं की आमची प्रत्येक बाई ‘हो’ म्हणणार. पाहुण्याला ‘नाही’ म्हणत नाहीत. त्याऐवजी म्हणावं, “आता तू मला सांग, मी कशाला आले? तू बोललेलं कुठं जाणार? नको वाटलं तर तू काय करशील?” ती तिच्या शब्दांत सांगेल. त्यात घरकुल आलं, गोळ्या-औषध आलं, ‘डॉक्टरवर केस होईल’ आलं, तर समजावं की अजून तिला कळलेलं नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगायला हवं. याला दहा मिनिटं जास्त लागतात. मी आता माझ्या कामात हे करते आणि पहिल्या खेपेला बरोबर सांगणाऱ्या बायका थोड्याच निघतात.

आणि होकार एकच कसा असेल? बोलायला हो म्हणणं वेगळं. आवाज रेकॉर्ड करायला हो म्हणणं वेगळं. फोटो काढणं, तिचे शब्द तसेच्या तसे छापणं, ते रेकॉर्डिंग पुढे दुसऱ्या कुणाला अभ्यासाला देणं, या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बाई एकीला हो, दुसरीला नाही म्हणू शकते. तुमच्या संमतीपत्रात त्या एकाच वाक्यात कोंबलेल्या असतात आणि खाली एका अंगठ्याची जागा. त्या दिवशी तिला कुणी विचारलं असतं की हे टीव्हीवर जाऊ शकतं, चालेल का, तर ती उठून आत गेली असती. मला खात्री आहे.

खरं तर होकार मुलाखतीच्या आधी पुरा होतच नाही. आधी तिला माहीतच नसतं की ती काय बोलून जाणार आहे. कुणी कधी नीट विचारलेलं नसतं. कुणी शांतपणे ऐकायला लागलं की बाई मोकळी होते आणि जे आईलाही सांगितलं नाही ते सांगून बसते. म्हणून मुलाखत संपल्यावर पुन्हा विचारायला हवं: “आज तू हे हे बोललीस. यातलं काय मी लिहू नको?” तेव्हा ती थांबते, विचार करते, आणि जवळजवळ नेहमी एखादी गोष्ट काढायला सांगते. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटलं तर आणखी एखादी. तुमची पथकं दिवसाला सहा मुलाखती करून संध्याकाळच्या गाडीने जातात. दुसरा दिवस त्यांच्याकडे नसतोच.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं आहे की ज्या व्यक्तीला वाचता येत नाही तिची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार हजर हवा. तुमच्या फॉर्मवर साक्षीदाराची रेघ होती आणि तिथे माझी सही आहे. पण मी निःपक्ष कशी? मीच त्यांना घेऊन आले होते. तिच्या बाळंतपणात मी धावले होते, तिला मला नाही म्हणता येत नव्हतं. साक्षीदार असा हवा की ज्याचं तिच्यावर कसलंही ओझं नाही. मुकादम नको, सरपंच नको, नवरा नको आणि माझ्यासारखी मध्यस्थही नको. या सहीची जबाबदारी माझी आहे आणि ती मी नाकारत नाही.

दुसरी तक्रार जागेची. ओसरीवर घेतलेली मुलाखत गुपित राहत नाही, हे सांगायला समिती लागू नये. सासू समोर असताना पाळीबद्दल, नवऱ्याबद्दल, पोट पाडण्याबद्दल बाई काय बोलणार? एक तर खोटं बोलेल, नाहीतर खरं बोलून अडकेल. रानात, विहिरीवर, दवाखान्यात नेताना वाटेत, अशा जागा गावात असतात. माझ्या घरातली आतली खोली आहे. विषयही बाहेर ‘बायकांचं आरोग्य’ एवढाच सांगावा. पथक पिशवीवाल्या बायकांनाच भेटतं आहे हे गावाला कळलं, तर ज्या घरात पथक शिरलं त्या घरातली गोष्ट तिथेच उघड झाली. म्हणून पिशवी न काढलेल्या चार घरांतही जाऊन बसायला हवं. आणि मुलाखत चालू असताना कुणी आलं तर काय बोलायचं, हे तिच्याशी आधीच ठरवून ठेवावं. मी हल्ली लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलायला लागते.

आता मूळ गोष्ट. ओळख.

तुम्ही नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं तुम्हाला मनापासून वाटतं. शहरात कदाचित लपतही असेल. आमच्याकडे बाईला नावाने कोण ओळखतं? अमक्याची सून, तीन पोरींची आई, ती कर्नाटकात जाणारी, जिचा मुकादम तिचाच चुलतदीर. गावात हीच नावं असतात. आणि तुमच्या परिच्छेदात ही सगळी होती, फक्त कागदावरचं नाव नव्हतं.

हिशेब करून दाखवते. हे आकडे तिच्या गावाचे नाहीत, मुद्दाम वेगळे घेतले आहेत, पण आमच्याकडच्या कुठल्याही गावाला बसतील. समजा अहवालात गावाचं नाव नाही, तालुका आहे, आणि ‘डोंगराकडेचा तांडा’ असं वर्णन आहे. वाचणारा गावचाच असेल तर त्याला गाव कळलं. गावात ऊसतोडीला जाणाऱ्या बायका दीडशे. पिशवी काढलेल्या त्यातल्या चाळीस. तुम्ही लिहिलं, ‘वयाच्या बाविसाव्या वर्षी’. अशा लहान वयात काढलेल्या उरल्या सहा. ‘तीन मुलींनंतर’, उरल्या दोन. ‘कर्नाटकातल्या कारखान्यावर’, उरली एक. यातला एकेक तपशील निरुपद्रवी आहे. पाच तपशील एका परिच्छेदात एकत्र आले की ते बोट दाखवतात.

तोच परिच्छेद असा लिहिता आला असता: ‘मराठवाड्यातल्या एका ऊसतोड बाईची पिशवी ऐन तरुण वयात काढली गेली. ऑपरेशनचा खर्च उचलीतून झाला आणि तो फेडायला ती काही आठवड्यांतच पुन्हा फडात गेली.’ यात काय कमी झालं? तुमचा मुद्दा उचल आणि ऑपरेशन यांच्या साखळीचा होता, तो पुरा आहे. मुलींची संख्या त्या मुद्द्याला लागत नव्हती. कारखाना कुठल्या राज्यात होता हेही लागत नव्हतं. चुलतदीर मुकादम आहे ही गोष्ट मात्र महत्त्वाची होती, हे मी मान्य करते, कारण नात्यातल्या कर्जाला नाही म्हणता येत नाही. पण मग ती गोष्ट तिच्या कहाणीत न लिहिता वेगळ्या प्रकरणात, अनेक बायकांबद्दल मिळून लिहायची: ‘काही जणींचा मुकादम जवळचा नातेवाईक होता.’ तिथे ती कुणा एकीची राहत नाही.

कुणी म्हणेल, तपशील बदलून टाका, तीन मुलींच्या जागी दोन मुलगे लिहा. मला ते पटत नाही. मुलगे असतील तर ऑपरेशनमागचं कारणच बदलतं आणि वाचणारा चुकीचं शिकतो. बदलण्यापेक्षा गाळावं, किंवा मोघम लिहावं, आणि ओळख लपवण्यासाठी तपशील गाळले आहेत असं सुरुवातीला स्पष्ट सांगावं. गाळूनही कहाणी ओळखू येत असेल तर ती कहाणी छापायची नाही. अशा कहाण्या असतात. एखादीचं सगळंच इतकं वेगळं असतं की कितीही झाकलं तरी दिसतं. तेवढा तोटा अभ्यासाने सोसायला हवा, कारण नाहीतर तो ती सोसते.

ओळख पटण्याच्या आणखी वाटा आहेत, त्या भराभर सांगते, कारण त्या सगळ्या मी पाहिल्या आहेत. चेहरा धूसर केला आणि मागे दुकानदाराच्या नावाचं कॅलेंडर तसंच राहिलं. हातावरचं गोंदण दिसलं. दाराचा रंग दिसला. आवाज तसाच ठेवला; आवाज तर चेहऱ्याच्या आधी ओळखू येतो. तिची एक लकब, एक म्हण, जी तालुक्यात ती एकटीच वापरते, ती अवतरणचिन्हात छापली. रेकॉर्डिंग लिहून काढायला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि फाइलला नाव दिलं बाईचं आणि गावाचं. मोबाइलमध्ये तिचा नंबर ‘पिशवी केस ४’ असा साठवला. फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद राहून गेली. या चुका दुष्टपणाने झालेल्या नाहीत. पथकातल्या मुली चांगल्या असतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीच्या ओळखीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सांगितलं की नाव तर छापायचं नाहीच, पण जिच्यावरून दूरान्वयानेही ओळख पटेल अशी माहितीही छापायची नाही. तो निकाल त्या गुन्ह्यांपुरता आहे, पिशवी काढलेल्या बाईला त्याचं कायदेशीर कवच नाही, हे मला ठाऊक आहे. पण ओळख म्हणजे काय, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला कळलं आहे. तुमच्या समितीने अजून नावापाशीच थांबावं, हे बरोबर नाही.

एक गोष्ट उरते आणि ती अवघड आहे. ‘तू बोललेलं कुणालाच कळणार नाही’ असं वचन तुमची माणसं सर्रास देतात. ते खोटं आहे. आमच्याकडे पोरींची लग्नं लवकर होतात. मुलाखतीत एखादी सांगते, माझं लग्न पंधराव्या वर्षी झालं, किंवा जावेची पोर सोळाची आहे आणि तिला दिवस गेलेत. अठराच्या आतल्या मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून अठराच्या आतल्या बायकोशी नवऱ्याने ठेवलेला संबंधही गुन्ह्यात येतो. म्हणजे बाई बोलून गेल्यावर मुलाखत घेणाऱ्या तुमच्या मुलीपुढे दोनच रस्ते उरतात, कायदा मोडायचा किंवा वचन मोडायचं. हे त्या बाईला आधी सांगायला हवं, साध्या भाषेत: “अठराच्या आतल्या कुठल्या पोरीवर जबरदस्ती झाली, तिला दिवस गेले, असं तू सांगितलंस तर मला ते पुढं कळवावं लागेल.” मग काय बोलायचं ते ती ठरवेल. काही बायका ते सांगणार नाहीत आणि तुमचा अभ्यास तेवढा अपुरा राहील. त्याला इलाज नाही.

आता माझ्या मागण्या सांगते. त्या फार नाहीत.

नैतिकता समित्यांनी मंजुरी देताना संमतीपत्राचा मजकूर बघून थांबू नये. तो मजकूर गावातल्या, न शिकलेल्या तीन-चार बायकांना वाचून दाखवावा आणि त्यांना काय समजलं ते लिहून समितीपुढे ठेवावं. अभ्यास तोवर सुरू होऊ नये. संवेदनशील विषयावर रेकॉर्ड केलेली तोंडी संमती चालेल असंही समितीने मान्य करावं, कारण पुष्कळदा अंगठ्याचा कागद हाच तिचं नाव आणि विषय यांना जोडणारा एकमेव पुरावा असतो. तिच्या हातात दिलेली प्रतही घरात सापडते. द्यायचंच असेल तर ‘बायकांचं आरोग्य’ एवढंच लिहिलेलं कार्ड आणि फोन नंबर द्या, आणि त्या नंबरवर माणसाने फोन उचलला पाहिजे.

माघार घेण्याची शेवटची तारीख तिला सांगितली पाहिजे. अहवाल छापून गेल्यावर काढता येत नाही, हे खरं आहे. तर मग ‘संक्रांतीपर्यंत सांग, तोवर सगळं काढून टाकता येईल’ असं तिच्या कॅलेंडरने सांगा.

नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी मुलाखतींपासून वेगळी, कुलूपबंद ठेवा. लिहून काढलेलं तपासून झालं की रेकॉर्डिंग पुसा. ते पुसलं याची नोंद समितीने मागावी.

छापण्याआधी प्रत्येक परिच्छेद त्या गावाची, त्या पंचक्रोशीची माहिती असलेल्या विश्वासू माणसाला, तोही गुप्तता पाळण्याच्या लेखी बोलीवर, दाखवावा आणि एकच प्रश्न विचारावा: ही कोण ते ओळखता येतं का? मुंबई-पुण्यात बसून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. आणि मग तो परिच्छेद खुद्द तिला वाचून दाखवावा.

संपादकांना वेगळी विनंती. अहवालातला परिच्छेद उचलताना संमती अहवालासाठी होती, बातमीसाठी नव्हती, हे लक्षात घ्या. तुम्हाला तिचे शब्द हवे असतील तर तिच्याकडून नव्याने होकार घ्या. मिळाला नाही तर तिच्या शब्दांशिवाय बातमी द्या. १३,८६१ हा आकडा पुरेसा बोलका आहे.

शेवटची मागणी त्या एका संस्थेला, तिला कळेल मी कुणाबद्दल बोलते आहे. अहवालाची जी प्रत अजून सगळ्यांना वाचता येते, त्यातून तो परिच्छेद काढा. नुकसान झालं आहे, ते भरून निघणार नाही, पण त्या घरात उद्या कुणाचं लग्न ठरताना कुणीतरी ते पुन्हा शोधून काढू नये. आणि तिला भेटायला या. मुलाखत घ्यायला नको. काय चुकलं ते सांगायला या. टोळ्या दिवाळीनंतर निघतील, त्याआधी या.

हे पत्र पाठवण्याआधी मी तिच्याकडे गेले होते. ती परत सासरी आली आहे. संध्याकाळी आम्ही दोघी माझ्या आतल्या खोलीत बसलो आणि मी सगळं तिला वाचून दाखवलं. ‘चार महिने माहेरी होती’ इथे मी थांबले, विचारलं, हे ठेवू का? ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. दोघी-तिघींचं तसं झालंय, कुणाचं ते कळणार नाही.” पुढे एका ठिकाणी तिने हात वर केला. त्या वाक्यात तिच्या थोरल्या मुलीचा उल्लेख होता. ते वाक्य मी काढून टाकलं आहे.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक आरोग्य कार्यकर्ती